व्हीपीएन लावून ऑफिसचा 'निनावी' फॉर्म भरला, तरी कळलं कसं?

ओंजळ | मंगळवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. नोकरी अंधेरीला, राहते डोंबिवलीला. गेल्या आठवड्यात ऑफिसातून एक सर्वेक्षण आलं. टीममधलं वातावरण कसं आहे, वरिष्ठ कसे वागतात, कामाचे तास किती, असे प्रश्न. मेलमध्ये ठळक अक्षरांत लिहिलं होतं की उत्तरं निनावी राहतील.

मला खरं लिहायचं होतं, म्हणून काळजी घेतली. ऑफिसच्या लॅपटॉपवर फॉर्म उघडलाच नाही. मेल स्वतःच्या जीमेलवर फॉरवर्ड केला, घरी आल्यावर स्वतःच्या लॅपटॉपवर व्हीपीएन चालू केलं (वर्षाचे पैसे भरून घेतलेलं आहे), नेदरलँड्स निवडलं, 'कनेक्टेड' दिसेपर्यंत थांबले आणि मग फॉर्म भरला. रात्री नऊनंतर रोज होणाऱ्या कॉलबद्दल आणि त्यात वापरल्या जाणाऱ्या भाषेबद्दल सविस्तर लिहिलं.

काल सोमवारी 'तुम्ही अजून फॉर्म भरलेला नाही' असा आठवणीचा मेल माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला आला. मला आला नाही. आमच्या रांगेत ज्यांनी फॉर्म भरलाय त्यांच्यापैकी कुणालाच आला नाही. म्हणजे कुणी भरला हे त्यांना माहीत आहे. मग माझं व्हीपीएन चाललंच नाही का? ते गळतं का? कसं तपासायचं? झोप उडाली आहे, म्हणून विचारतेय.

---

नेटवाला | मंगळवार, रात्री १०:३१

ताई, व्हीपीएन लावलं की आयपी बदलतो, साइटला तुम्ही ॲमस्टरडॅममध्येच बसलाय असं वाटतं. साइटच्या बाजूने कळणं शक्यच नाही. गळती व्हीपीएन कंपनीकडूनच झाली असणार. २०२२ पासून भारतात व्हीपीएनवाल्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवावी लागते. आणि इन्कॉग्निटो विंडो वापरली नव्हती का? ती वापरायला हवी होती.

---

सोमणकाका | मंगळवार, रात्री १०:५०

मी बँकेतून निवृत्त झालो. आमच्याकडे शेवटच्या तीन-चार वर्षांत घरून काम करायला व्हीपीएन दिलं होतं. त्याबद्दल आमच्या आयटीच्या मुलाने स्वच्छ सांगितलं होतं, की काका, हे चालू असताना तुम्ही जे उघडाल ते ऑफिसला दिसतं. त्यामुळे व्हीपीएन लावून ऑफिसविरुद्ध लिहिणं हीच चूक झाली असं मला वाटतं. ते बंद करून लिहायला हवं होतं.

---

रात्रपाळी | मंगळवार, रात्री ११:४०

ओंजळ, मी नेटवर्कमध्ये काम करतो, महापेला, बहुतेक रात्रीच. तुमचं व्हीपीएन गळतं की नाही हे नंतर पाहू. आधी एकच गोष्ट बघा. तुम्हाला मेलमध्ये आलेली लिंक आणि मैत्रिणीला आलेली लिंक शेवटपर्यंत सारखीच आहे का? लिंक इथे चिकटवू नका. मैत्रिणीची लिंक तुमच्याकडे उघडूही नका, तिच्या नावावर हजेरी लागेल. फोन करून फक्त शेवटची आठ-दहा अक्षरं वाचून दाखवायला सांगा.

काका, तुमच्या आयटीच्या मुलाने बरोबर सांगितलं होतं, पण ते व्हीपीएन वेगळं. ते घरापासून ऑफिसपर्यंतचा बोगदा. त्याचं दुसरं तोंड ऑफिसातच उघडतं, म्हणून ऑफिसला दिसतं. ओंजळ यांनी विकत घेतलेल्याचं तोंड नेदरलँड्समधल्या एका भाड्याच्या सर्व्हरवर उघडतं. तिथपर्यंत काय गेलं ते ऑफिसला दिसत नाही.

---

ओंजळ | बुधवार, सकाळी ८:०५

लोकलमधून लिहितेय. वाचून घेतली. वेगळी आहे!! सुरुवात अगदी सारखी, शेपटी वेगळी. साइटचं नाव बदलून, अक्षरंही बदलून, साधारण कशी दिसते ते देते:

```
https://survey.example/f/q3?t=7Kd2mXw9
https://survey.example/f/q3?t=Rb81zLpQ
```

पहिली माझी, दुसरी तिची. रात्री मी एक केलं. प्रश्नचिन्हापासून पुढचं सगळं काढून नुसती लिंक उघडली. 'ही लिंक वैध नाही' असं आलं.

---

रात्रपाळी | बुधवार, दुपारी १:२०

मग झालं ते इथेच झालं. `t=` च्या पुढची अक्षरं प्रत्येकासाठी वेगळी बनवलेली आहेत. मेल पाठवणाऱ्या यंत्रणेकडे एक यादी असते: हा मेल पत्ता, ही शेपटी. तुम्ही लिंक उघडलीत तेव्हा ती अक्षरं तुमच्याच ब्राउझरने साइटच्या हातात दिली. शेपटी काढल्यावर फॉर्म उघडत नाही, म्हणजे तिच्याशिवाय दारच उघडत नाही, एवढं पक्कं.

आपल्या मुंबईच्या भाषेत सांगायचं तर डबेवाल्याच्या डब्यासारखं आहे. डबा नेहमीच्या गाडीने चर्चगेटला न्या, नाहीतर वाट वाकडी करून ठाण्यावरून न्या, झाकणावर रंगवलेली खूण तीच राहते आणि डबा कुणाचा ते कळतं. व्हीपीएन गाडी बदलतं. झाकण पुसत नाही, कारण त्याला झाकण दिसतच नाही. तुमचा ब्राउझर आणि सर्वेक्षणाची साइट यांच्यातलं बोलणं https मुळे आधीच कुलूपबंद असतं. व्हीपीएनवाल्याला ते उघडता येत नाही, त्यामुळे आतली शेपटी त्याने काढून टाकण्याचा प्रश्नच येत नाही.

नेटवाला, इन्कॉग्निटोनेही इथे काही झालं नसतं. त्या विंडोत जुन्या कुकी जात नाहीत आणि आधीचं लॉगिन नसतं, त्यामुळे 'ही कालचीच बाई' ही एक ओळख पुसली जाते. पण ओळख लिंकमध्येच लिहिलेली असेल तर विंडो कुठलीही असो.

तुमचा पाच वर्षांचा मुद्दा खरा आहे. २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने तो आदेश काढला. ग्राहकाचं नाव, पत्ता, त्याला दिलेले आयपी हे सगळं पाच वर्षं जपून ठेवायचं, असा. त्यानंतर बाहेरच्या अनेक मोठ्या कंपन्यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले. पण ती माहिती सरकारी यंत्रणांनी मागण्यासाठी आहे. अंधेरीतल्या एका ऑफिसच्या एचआरने फोन केला आणि व्हीपीएन कंपनीने नाव सांगितलं, असं होत नाही. आणि इथे त्याची गरजच पडली नाही.

---

नेटवाला | बुधवार, दुपारी १:४४

शेपटीचं मान्य. पण लिंक सगळ्यांना एकच असती, तर व्हीपीएनमुळे साइट फसली असती ना? तिला ॲमस्टरडॅमच दिसलं असतं.

---

रात्रपाळी | बुधवार, दुपारी २:०२

पत्ता ॲमस्टरडॅमचा दिसला असता, माणूस नाही. करून बघा. व्हीपीएन चालू ठेवा, कुठलंही पान उघडा, F12 दाबा, Console मध्ये जा आणि ही एक ओळ टाका. हेच कुठलीही साइट तुम्हाला न विचारता करू शकते.

```
Intl.DateTimeFormat().resolvedOptions().timeZone
```

---

ओंजळ | बुधवार, रात्री ९:३०

घरी येऊन केलं. व्हीपीएन नेदरलँड्सवर, ॲप हिरवं, आणि उत्तर आलं `'Asia/Calcutta'`. बघून धस्स झालं.

---

नेटवाला | बुधवार, रात्री ९:४१

माझ्याकडे फायरफॉक्समध्ये `"Asia/Kolkata"` आलं. हे मला खरंच माहीत नव्हतं. म्हणजे व्हीपीएनने घड्याळ बदलत नाही?

---

रात्रपाळी | बुधवार, रात्री ११:१५

नाही बदलत. घड्याळ लॅपटॉपचं, आणि ब्राउझर ते लॅपटॉपलाच विचारतो. व्हीपीएनचा संबंध फक्त बाहेर जाणाऱ्या डेटाच्या पाकिटांशी. भाषेचंही तसंच. तुमच्या ब्राउझरमध्ये मराठी पहिली असेल, तर दर पानाच्या मागणीबरोबर `mr` किंवा `mr-IN` जातं. पडद्याचा आकार, फॉन्ट, ग्राफिक्स कार्ड चित्र कसं रंगवतं, हे सगळं ब्राउझर सांगतो. एकेक गोष्ट हजारोंची सारखी असते, पण एकत्र केल्या की माणसं भराभर गळतात. इएफएफ या संस्थेने २०१० मध्ये जमवलेल्या ब्राउझरच्या ठशांपैकी ८३.६ टक्के एकमेवाद्वितीय निघाले होते. तेव्हापासून ब्राउझर खूप बदललेत, त्यामुळे आजचा आकडा तोच असेल असं मी म्हणणार नाही. पण आयपीला हात न लावता ओळखता येतं, हे तेव्हाच दिसलं.

आता ओंजळ यांच्या बाबतीत याचा अर्थ काय, तेही सांगतो. तुमच्या ऑफिसात सगळेच मुंबईचे, सगळ्यांचंच घड्याळ भारताचं. त्यामुळे घड्याळावरून तुम्ही वेगळ्या दिसत नाही. वेगळ्या दिसता त्या उलट कारणाने. किती जण आहेत टीममध्ये?

---

ओंजळ | बुधवार, रात्री ११:२८

आमच्या मजल्यावर चाळीसेक. टीममध्ये अकरा.

---

रात्रपाळी | बुधवार, रात्री ११:५०

साइटने आयपी नोंदवून ठेवले असतील, तर चाळीसातल्या एकोणचाळीस ओळी मुंबई-ठाण्याच्या आणि एक नेदरलँड्सची. शिवाय तो आयपी घरगुती जोडणीचा नसून डेटा सेंटरचा आहे, हे आयपी कुणाच्या नावावर नोंदला आहे ते पाहून लगेच कळतं. म्हणजे नाव कळलं नाही तरी 'इथे कुणीतरी लपायला बघतंय' हे कळतं. सगळे पांढऱ्या कपड्यांत असताना एकट्याने अंगावर काळं पांघरूण घ्यावं तसं. अशा जागी मोबाइलचा साधा डेटा जास्त मिसळून जातो. तिथे एकाच पत्त्यामागे एका वेळी खूप ग्राहक असतात.

---

अबोली_पार्ले | गुरुवार, सकाळी १०:१०

मी एचआरमध्ये आहे (ओंजळच्या ऑफिसात नाही!). दुसऱ्या बाजूचंही सांगते. आम्ही वेगवेगळ्या लिंका पाठवतो त्या मुख्यतः दोन कारणांनी. एकाने दोनदा भरू नये म्हणून, आणि न भरणाऱ्यालाच आठवण जावी म्हणून. 'भरला की नाही' ही एक यादी आणि 'काय लिहिलं' ही दुसरी, अशा वेगळ्या ठेवण्याची सोय या यंत्रणांमध्ये असते. आमच्या रिपोर्टमध्ये आयपीचा रकाना बंद आहे, आणि पाचपेक्षा कमी लोकांच्या गटाचा निकाल दिसतच नाही. त्यामुळे ओंजळ, आठवणीचा मेल आला नाही यावरून तुझं लिहिलेलं कुणी नावानिशी वाचलं असा अर्थ काढू नकोस. आठवणीचा मेल इतकंच सांगतो की 'भरला' हे कळलं.

---

रात्रपाळी | गुरुवार, सकाळी १०:४०

अबोलीताई, तुमच्याकडे दोन याद्या वेगळ्या असतील, मी विश्वास ठेवतो. पण भरणाऱ्याला बाहेरून ते दिसत नाही. ती सोय चालू की बंद, हे सर्वेक्षण बनवणारा ठरवतो. दोन्ही वेळा मेल तोच, पान तेच, 'निनावी' शब्दही तोच.

---

अबोली_पार्ले | गुरुवार, सकाळी ११:०५

ते नाकारत नाही. फक्त माझा अनुभव असा की माणूस ओळखला जातो तो यंत्रणेमुळे कमी आणि मजकुरामुळे जास्त. "मंगळवारच्या कॉलवर मला असं बोलले" असं कुणी लिहिलं की आयपी बघायची गरजच उरत नाही. त्या कॉलवर तिघंच असतात.

---

ओंजळ | गुरुवार, दुपारी १:३०

अबोली, हे वाचून पोटात गोळा आला. मी दोन कॉलच्या तारखा लिहिल्या आहेत. आणि एक आधी सांगायचं राहिलं. गेल्या शुक्रवारी मीटिंगमध्ये साहेब म्हणाले होते, "काहींना नऊनंतरचे कॉल जड जातात असं दिसतंय." माझ्याकडे बघून म्हणाले की सगळ्यांकडे, ते मला सांगता येणार नाही.

---

कांदेपोहे | गुरुवार, दुपारी ३:१५

धागा वाचून मीही माझं व्हीपीएन तपासलं, आणि माझ्याकडे भलतंच निघालं. चेंबूरला घरचं वायफाय पावसात बंद पडलं होतं म्हणून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडला. व्हीपीएन सिंगापूर. test-ipv6.com उघडलं तर आयपीव्ही४ चा पत्ता सिंगापूरचा, पण खाली आयपीव्ही६ चा एक लांबलचक पत्ता, आणि शेजारी माझ्याच मोबाइल कंपनीचं नाव! घरच्या वायफायवर हे कधी दिसलं नव्हतं. हे काय आहे?

---

रात्रपाळी | गुरुवार, रात्री १०:३०

ओंजळ यांनी पहिल्या दिवशी विचारलेली गळती ती हीच.

तुमच्या लॅपटॉपला एका वेळी दोन पत्ते असू शकतात. एक जुना, आयपीव्ही४, चार संख्यांचा, टिंबांनी तोडलेला. दुसरा नवा, आयपीव्ही६, लांब, कोलननी तोडलेला. आपल्याकडच्या मोबाइल नेटवर्कवर नवा पत्ता सर्रास मिळतो. घरच्या केबलवाल्याकडे तो अनेकदा नसतो, म्हणून वायफायवर तुम्हाला दिसला नाही. काही व्हीपीएन ॲप फक्त जुन्या पत्त्याची वाहतूक बोगद्यात घालतात आणि नवीला हात लावत नाहीत. मग ज्या साइटला दोन्ही चालतात तिच्याकडे ब्राउझर बहुधा नव्या पत्त्यानेच जातो, थेट, बोगद्याबाहेरून. ॲप तरीही 'कनेक्टेड'च दाखवतं, कारण त्याच्या परीने जोडणी झालेलीच असते.

तपासायची पद्धत तुम्ही केलीत तीच. फक्त आधी व्हीपीएन बंद असताना दोन्ही पत्ते लिहून घ्यायचे, मग चालू करून पुन्हा बघायचे. आधीच्यातला एकही पत्ता तसाच राहिला, तर गळती आहे. नेटवर्क बदललं की पुन्हा तपासायचं. घरी ठीक आलं म्हणजे हॉटस्पॉटवर ठीक असेलच असं नाही. ॲपच्या सेटिंगमध्ये आयपीव्ही६ अडवण्याचा पर्याय असेल तर चालू करा. नसेल तर लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये त्या जोडणीपुरतं आयपीव्ही६ बंद करा.

---

कांदेपोहे | गुरुवार, रात्री ११:०२

ॲपमध्ये पर्याय होता, बंद होता. चालू केल्यावर लांब पत्ता गेला. धन्यवाद!

---

सोमणकाका | शुक्रवार, सकाळी ७:२०

मला आता एवढं समजलं की दोन व्हीपीएन वेगळी. पण मग ओंजळने पैसे भरून जे घेतलं, त्याचा तिला उपयोग काय झाला? हे कुणी सांगितलं नाही.

---

रात्रपाळी | शुक्रवार, दुपारी १२:४५

काका, प्रश्न योग्य आहे. व्हीपीएनशिवाय तिच्या इंटरनेटवाल्याला दिसलं असतं की या घरातून रात्री अमुक सर्वेक्षणाच्या साइटवर कुणी गेलं. काय लिहिलं ते नाही, https मुळे. पण साइटचं नाव कळलं असतं. व्हीपीएनमुळे त्याला फक्त नेदरलँड्सचा एक सर्व्हर दिसला. आणि सर्वेक्षणाच्या साइटला तिच्या घरच्या जोडणीचा पत्ता मिळाला नाही. ही दोन्ही कामं झाली, वर सांगितलेली आयपीव्ही६ ची गळती नसेल तर. स्टेशनवरच्या किंवा हॉटेलातल्या वायफायवर पहिल्या कामाचा उपयोग जास्त.

मात्र तिला लपायचं होतं इंटरनेटवाल्यापासून नव्हे, फॉर्म ज्याच्याकडे जातोय त्याच्यापासून. तिथे आपणच लिंक, लॉगिन किंवा मजकूर यांतून ओळख देत असू, तर रस्ता कुठलाही घ्या. आणखी एक. ऑफिसच्या मेलमधून जीमेलवर फॉरवर्ड केल्याची नोंद ऑफिसच्या मेल सर्व्हरवर राहते. त्यापेक्षा लिंक कागदावर उतरवून घरी टाइप केली असती तर ती एक नोंद टळली असती. शेपटी तरीही तीच असती.

---

ओंजळ | शुक्रवार, रात्री १०:२०

आज धीर करून एचआरला मेल लिहिला. अबोलीने सांगितलेलंच विचारलं. लिंका प्रत्येकाच्या वेगळ्या आहेत हे दिसतंय, तर 'भरला' ही यादी आणि उत्तरं वेगळी ठेवली आहेत का, आणि आमच्या अकरा जणांच्या टीमचा निकाल वेगळा काढून कुणाला दाखवणार आहात का? संध्याकाळी उत्तर आलं, "सर्व प्रतिसाद गोपनीय आहेत." 'निनावी' हा शब्द मात्र या उत्तरात नाही.

मैत्रिणीने अजून फॉर्म भरलेला नाही, मुदत सोमवारपर्यंत आहे. काय करू, विचारत होती. तिला सांगितलं, तारखा लिहू नकोस, कॉलवर कोण होतं ते लिहू नकोस, आणि जे साहेबांसमोर बोलायची तयारी आहे तेवढंच लिही. ती म्हणाली, मग नऊनंतरच्या कॉलचं लिहितेच, ते मी त्यांच्या तोंडावरही सांगितलंय.

---

अबोली_पार्ले | शुक्रवार, रात्री १०:४५

गोपनीय म्हणजे नाव कुणाकडे तरी आहे पण सांगणार नाही, आणि निनावी म्हणजे नाव कुणाकडेच नाही. आमच्या कामात हे दोन शब्द वेगळे आहेत. परत एकदा लिहून विचार, कुणाकडे आहे. उत्तर आलं की इथे कळव.